एक्सेलवरून ईआरपीवर जातोय, बावीस जणांचं ट्रेनिंग कसं लावू? (भोसरी, प्रेस शॉप)

भोसरीचा_पीपीसी
नमस्कार मंडळी. आमचं शीट मेटल प्रेसिंगचं युनिट आहे, टू व्हीलरचे ब्रॅकेट वगैरे बनवतो. आत्तापर्यंत सगळं एक्सेलवर, म्हणजे स्टोअरची वेगळी फाइल, प्रॉडक्शनची वेगळी, प्लेटिंगला बाहेर गेलेल्या मालाची तिसरी, आणि डिस्पॅचवाल्यांची एक फाइल जी फक्त त्यांनाच कळते. मालकांनी ईआरपीनेक्स्ट घ्यायचं ठरवलंय आणि 1 ऑक्टोबरपासून सुरू करायचं म्हणतायत. व्हेंडर तीन दिवस ट्रेनिंग देणार, कॉन्फरन्स रूममध्ये, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, सगळ्यांना एकत्र. मी प्लॅनिंगला आहे पण "तुला कॉम्प्युटर येतो" म्हणून मलाच कोऑर्डिनेटर केलंय.

माणसं बावीस. स्टोअर आणि डिस्पॅच मिळून सात, सुपरवायझर सहा, परचेस तीन, क्यूसी तीन, अकाउंट्स तीन. सुपरवायझरपैकी दोघांनी आयुष्यात मोबाइल सोडून काही वापरलेलं नाही. तीन दिवसांत हे होणार नाही असं मला वाटतंय पण व्हेंडरला काय सांगू ते कळत नाहीये. कोणी केलंय का असं? प्लॅन कसा लावला?

एक्सेलप्रेमी
कशाला एवढा त्रास. ईआरपीनेक्स्टमध्ये `Data Import` म्हणून सोय आहे, लोकांना एक्सेलच भरू द्या, रोज संध्याकाळी एक जण सगळं अपलोड करेल. ट्रेनिंग एकाच माणसाला लागेल. आमच्याकडे टॅलीत असंच चालतं आणि छान चालतं.

करिअर_कट्टा
भाऊ माझा प्रश्न आहे, मी बीकॉम आहे, एसएपी एमएमचा कोर्स केला तर अशा ट्रेनिंगच्या कामात लागता येईल का? पुण्यात फी किती घेतात?

भोसरीचा_पीपीसी
@करिअर_कट्टा भाऊ हा धागा कंपनीतल्या लोकांना शिकवण्याबद्दल आहे, कोर्सबद्दल वेगळा धागा काढा, तिथे उत्तरं मिळतील.
@एक्सेलप्रेमी मलाही क्षणभर तेच वाटलं होतं खरं सांगायचं तर.

जुना_इम्प्लिमेंटर
मी हीच कामं करतो, जास्त करून चाकण आणि रांजणगावच्या कंपन्यांत. एक्सेलप्रेमींचं अर्धं बरोबर आहे. आयटम मास्टर, सप्लायरची यादी, ओपनिंग स्टॉक, हे `Data Import` नेच टाकायचं, हाताने कोणी टाकू नये. पण रोजचा व्यवहार तसा टाकला तर संध्याकाळपर्यंत सिस्टिममधला स्टॉक खोटाच राहतो. दुपारी दोनला सुपरवायझर स्क्रीनवर बघतो, शीट शून्य दिसते, मग तो स्टोअरला फोन करतो, स्टोअरवाला एक्सेल उघडून सांगतो "आहे आहे, ये". दोन आठवड्यांत सगळ्यांना पक्कं कळतं की खरं एक्सेलमध्ये आहे. मग ईआरपी फक्त अकाउंट्ससाठी उरतं.

आता ट्रेनिंग. पीपीसी साहेब, व्हेंडरचा तीन दिवसांचा कार्यक्रम असा असतो: पहिला दिवस बाइंग, दुसरा स्टॉक, तिसरा मॅन्युफॅक्चरिंग. मेनूच्या क्रमाने. क्यूसीवाला दोन दिवस जांभया देत बसतो आणि त्याच्या कामाचं जे वीस मिनिटांचं आहे ते येतं तेव्हा त्याला फोन येतो म्हणून तो बाहेर असतो. त्यापेक्षा एकच गाडी घ्या. गेटवर शीटची गाडी आली, तिथपासून ब्रॅकेट कस्टमरला गेलं इथपर्यंत. दीड तास, सगळे बावीस जण, एकदाच. प्रत्येकाने आपापल्या वेळी उठून आपली एन्ट्री स्वतः करायची. त्यात परचेसवाल्याला दिसतं की मी पीओ केला नाही तर स्टोअर अडतं, स्टोअरला दिसतं की माझी एन्ट्री अर्धवट राहिली तर सुपरवायझरला माल मिळत नाही. त्यानंतर एकत्र बसवायची गरज नाही, पाच गट करा, प्रत्येक गटाला दीड-दीड तासाची दोन सत्रं, आणि त्यात व्हेंडरचा डेमो डेटा नाही, तुमचीच मागच्या आठवड्यातली चलनं.

सांगलीची_लेक
मी स्टोअरला आहे, आमच्याकडे सिस्टिम आली तेव्हा मी शिकणाऱ्यांत होते, म्हणून दोन शब्द. ट्रेनर माऊस सोडतच नाहीत हो. "हे बघा असं क्लिक केलं की झालं" म्हणतात आणि ते झालेलंच असतं, आपण मान डोलावतो. मग सोमवारी खुर्चीत बसल्यावर पहिली स्क्रीन कुठून उघडायची तेच आठवत नाही. मी तर सरळ म्हटलं सर तुम्ही हात मागे बांधा आणि तोंडाने सांगा, मी करते. तेव्हा कळलं मला.

दुसरं म्हणजे `Save` आणि `Submit`. एक्सेलमध्ये सेव्ह केलं की विषय संपला ना, इथे `Save` केलं तरी स्टॉकमध्ये काहीच येत नाही, ते `Draft` राहतं. आमच्यातल्या एका काकांनी पहिल्या आठवड्यात सगळं नुसतं सेव्ह केलं होतं. ते बिचारे म्हणत होते मी सगळं भरलंय आणि स्क्रीन म्हणत होती शून्य.

जुना_इम्प्लिमेंटर
ताई अगदी नेमकं बोललात, ड्राफ्टचा ढीग हीच पहिली खूण असते गाडी रुळावरून उतरल्याची. रोज संध्याकाळी पाचला `Purchase Receipt` आणि `Stock Entry` च्या यादीत `Draft` चा फिल्टर लावून बघायचं. पाच-सहा असतील तर ठीक, वाढत चालले तर त्या माणसाजवळ जाऊन बसायचं, मेल नाही करायचा.

आणि ढीग का होतो याची दोन कारणं असतात. एक ताईंनी सांगितलं ते, न कळणं. दुसरं कोणी बोलत नाही. एक्सेलमध्ये आकडा कोणी बदलला ते कोणालाच कळत नव्हतं. इथे `Submit` केलं की खाली नाव आणि वेळ येते. माणूस घाबरतो. "उद्या साहेबांना विचारून करू" म्हणून ड्राफ्टमध्ये ठेवतो. हे ट्रेनिंगने जात नाही, प्लांट हेडने सगळ्यांसमोर सांगावं लागतं की ऑक्टोबरभर चुकीच्या एन्ट्रीला मेमो नाही. आणि मग खरंच द्यायचा नाही.

भोसरीचा_पीपीसी
मेमोचं लिहून घेतो. आमचे प्लांट हेड तोंडी "हो हो" म्हणतील, बघू. चूक झाली तर दुरुस्त कसं करायचं ते कधी शिकवायचं? व्हेंडर म्हणाला ते ॲडव्हान्स आहे, नंतर घेऊ.

जुना_इम्प्लिमेंटर
पहिल्याच सत्रात. `Submit` झालेलं बदलता येत नाही, `Cancel` करून `Amend` करायचं, मग MAT-PRE-2026-00041 चं MAT-PRE-2026-00041-1 होतं आणि जुनं लाल शिक्क्यासह तिथेच राहतं. हे हाताने एकदा केलं की भीती निम्मी जाते. फक्त एक गोष्ट बजावून सांगा. त्या रिसीटवर पुढे बिल बनलं असेल आणि तुम्ही रिसीट कॅन्सल करायला गेलात, तर सिस्टिम विचारते की जोडलेलं सगळंच रद्द करू का, आणि `Cancel All` बटण देते. ते दाबायचं नाही. अकाउंट्सने बुक केलेलं बिल स्टोअरच्या टेबलावरून उडतं. मी तर सुरुवातीला स्टोअर ऑपरेटरच्या रोलमधून कॅन्सलची परवानगीच काढतो, ती फक्त स्टोअर इन्चार्जला.

नाशिक_क्यूए
आमच्याकडे अंबडला झालं होतं हे. तीन महिने पॅरलल रन ठेवला होता, म्हणजे एक्सेल पण आणि ईआरपी पण, दोन्ही भरायचं. झालं काय की लोक दिवसभर एक्सेल भरायचे आणि शनिवारी बसून त्यावरून ईआरपी भरायचे. दोन्ही अर्थातच जुळायचं, एकावरून दुसरं कॉपी केलं तर जुळणारच ना. मॅनेजमेंटला रिपोर्ट गेला की मॅचिंग उत्तम आहे, एक्सेल बंद करा. बंद केल्यावर पहिल्याच आठवड्यात डिस्पॅच अडकला कारण शनिवारपर्यंत स्टॉकच नसायचा. त्यामुळे पॅरलल रन नकोच असं माझं मत.

एक्सेलप्रेमी
पॅरलल रन नको म्हणता आणि सिस्टिम बसली तर? कस्टमरची लाइन थांबली तर दंड कोण भरणार? बॅकअप म्हणून एक्सेल हवंच.

जुना_इम्प्लिमेंटर
बॅकअप म्हणून हवं, भरण्यासाठी नको. सुरू करायच्या आदल्या दिवशीची फाइल रीड-ओन्ली करून सर्व्हरवर ठेवा, बघता येईल, लिहिता येणार नाही. आणि तपासायचं असेल तर एक्सेलशी नाही, रॅकशी तपासा. रोज वीस आयटम निवडायचे, जाऊन मोजायचे, `Stock Balance` शी लावायचे. वीस मोजायला एका माणसाला तासभर पुरतो. आज कोणते आयटम मोजणार ते स्टोअरला आधी सांगायचं नाही.

भोसरीचा_पीपीसी
बरं. आता एक खरा प्रॉब्लेम सांगतो, काल प्रॅक्टिस साइटवर स्टोअरच्या मुलाला घेऊन बसलो होतो आणि तिथेच अडकलो. एमएस शीट 1.2 मिमी, 1250 बाय 2500. सप्लायर किलोत बिल लावतो, स्टोअरवाले नग मोजतात. पीओ 2000 किलोचा. आलं 70 शीट, वजनकाट्यावर 2040 किलो. पहिल्यांदा तर रिसीटच होईना, पीओपेक्षा जास्त म्हणून एरर. ते कसंबसं केलं. मग सत्तरच्या सत्तर शीट प्रेसला इश्यू करायला गेलो तर म्हणतं स्टॉक कमी आहे. अरे पण सत्तरच आल्या आणि सत्तरच दिल्या ना! मुलगा माझ्याकडे बघून हसायला लागला की साहेब एक्सेल बरं होतं.

एक्सेलप्रेमी
सोप्पं आहे. `Stock Settings` मध्ये `Allow Negative Stock` वर टिक करा. एरर बंद.

जुना_इम्प्लिमेंटर
टिक थोडी थांबवा. पीपीसी साहेब, तुम्ही आयटममध्ये एका शीटला किती किलो टाकलंय? 29.44 असणार. 1.2 गुणिले 1.25 गुणिले 2.5 गुणिले 7.85, येतं 29.44. हे हिशोबाचं वजन. पण गाडीतलं खरं वजन 2040 भागिले 70, म्हणजे 29.14. शीटची जाडी टॉलरन्समध्ये थोडी कमी आली असेल, हे रोजचंच आहे. आता सत्तर शीट इश्यू केल्या की सिस्टिम 29.44 ने गुणून 2060.8 किलो मागते. तुमच्याकडे आहेत 2040. वीस किलो आठशे ग्रॅम कमी, म्हणून अडलं.

एक्सेलमध्येही हा फरक होताच, तिथे कोणी अडवत नव्हतं एवढंच. आणि रॅकवर जुना स्टॉक शिल्लक असता तर इथेही त्या दिवशी अडलं नसतं, दोन महिन्यांनी भलत्याच दिवशी अडलं असतं आणि मग कारण सापडलं नसतं. तुम्हाला प्रॅक्टिसमध्ये सापडलं हे बरंच झालं.

निगेटिव्ह स्टॉक चालू केला तर एरर जाते पण व्हॅल्युएशन बिघडतं, नसलेला माल अंदाजाच्या रेटने बाहेर जातो, नंतर आवक झाली की सिस्टिम मागचं सगळं पुन्हा मोजत बसते आणि अकाउंट्सचे आकडे महिना संपल्यावर हलतात. आणि ट्रेनिंगच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे ज्याची एन्ट्री राहिली त्याला ती राहिली हे कधीच कळत नाही.

भोसरीचा_पीपीसी
मग करू काय? स्टॉकचं युनिट किलो ठेवू की नग?

जुना_इम्प्लिमेंटर
हे मात्र सुरू करायच्या आधीच ठरवा, कारण एकदा त्या आयटमवर व्यवहार झाला की स्टॉकचं युनिट सिस्टिम बदलू देत नाही, नवा आयटम काढावा लागतो.

नग ठेवलं तर सुपरवायझरला सोपं, पण रिसीटला दर गाडीला किलोचा नग होताना अपूर्णांक येतो. 2040 ला 29.44 ने भागलं तर 69.29 शीट. आणि नगाच्या युनिटला `Must be Whole Number` लावलेलं असलं की परत एरर. मी शीट आणि कॉइलला किलोच ठेवायला सांगतो. प्रत्येक गाडीचा एक बॅच, हीट नंबरसकट, आणि रॅकवर त्या बॅचच्या कार्डावर मोठ्या अक्षरात "1 शीट = 29.14 किलो". इश्यू करताना स्टोअरवाला शीट मोजतो, कार्डावरचा आकडा गुणतो, किलो टाकतो. शेवटची शीट गेली की दोनशे-एक ग्रॅम शिल्लक राहील, ती महिन्याच्या मोजणीत `Stock Reconciliation` ने काढायची.

पीओचं म्हणाल तर 2000 वर 2040 म्हणजे दोन टक्के जास्त. स्टील कधीच नेमकं येत नाही. आयटममध्येच `Over Delivery/Receipt Allowance (%)` आहे, फक्त शीट-कॉइलला तिथे पाच टाका. सगळ्या आयटमला टाकू नका, नाहीतर बोल्टही पाच टक्के जास्त उतरवून घेतील.

सांगलीची_लेक
आमच्याकडे नगावरच ठेवलंय आणि आमचं चालतंय की. वजन बिलावर असतंच. गुणाकार करत बसायचा म्हणजे अजून एक चूक होणार, माझ्यासारखीला कॅल्क्युलेटर हातात घेऊनच फिरावं लागेल.

जुना_इम्प्लिमेंटर
ताई तुमच्याकडे शीट किती जाडीच्या? पातळ आणि महाग असेल, स्टेनलेस वगैरे, आणि रेट नगावर ठरत असेल, तर नग ठीक आहे. इथे सप्लायरचा रेट किलोवर आहे आणि स्क्रॅपही किलोत विकलं जातं. पण मान्य, यावर दोन मतं आहेत आणि मी पाहिलेल्या कंपन्यांत दोन्ही प्रकार चालू आहेत.

नाशिक_क्यूए
क्यूसीच्या बाजूने एक सांगतो, तुमच्या एक्सेलमधले रंग बघा. आमच्या फाइलमध्ये पिवळी ओळ म्हणजे इन्स्पेक्शन बाकी, केशरी म्हणजे सप्लायरला परत द्यायचं, आणि लाल अक्षरं म्हणजे माल आलाय पण चलन आलेलं नाही. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. डेटा इम्पोर्ट करताना रंग जातात! ओपनिंग स्टॉकमध्ये सगळाच माल चांगला म्हणून चढला आणि रिजेक्टेड ब्रॅकेट कस्टमरला जाता जाता वाचले.

भोसरीचा_पीपीसी
बाप रे. आमच्या डिस्पॅचच्या फाइलमध्ये पाच रंग आहेत आणि एका सेलवर कॉमेंट आहे "भाऊंना विचारणे". हे भाऊ कोण ते कोणालाच माहीत नाही.

जुना_इम्प्लिमेंटर
नाशिककरांचा मुद्दा लाखाचा. ट्रेनिंगच्या आधी प्रत्येक फाइल ज्याची आहे त्याच्याजवळ अर्धा तास बसा आणि प्रत्येक रंगाला विचारा, तू हा कधी लावतोस आणि कधी काढतोस. मग तो रंग नव्या सिस्टिममध्ये कुठे जाणार ते त्याला त्याच्या सत्रात दाखवायचं. रिसीटमध्येच `Accepted Quantity` आणि `Rejected Quantity` वेगळे असतात आणि रिजेक्टेडचं गोडाऊन वेगळं, म्हणजे केशरी रंगाची जागा झाली. चलन न आलेल्याचं उत्तर सिस्टिममध्ये नाही, तो नियम आहे, चलनाशिवाय गेटवर उतरवायचं की नाही ते मालकांनी ठरवायचं. असे दोन-तीन निघतातच, ते ट्रेनिंगच्या आधी मिटवा, नाहीतर वर्गात त्यावरच भांडण होतं आणि सत्र जातं.

आयटमची सफाईही स्टोअरच्याच मुलांकडून करून घ्या. तीच त्यांची पहिली शिकवणी असते, कारण पुढे त्याच नावाने त्यांना शोधायचं आहे.

एक्सेलप्रेमी
चला, यात तरी एक्सेल लागेल! डुप्लिकेट शोधायला आधी `=TRIM(A2)` मारा आणि मग काउंट करा, "MS Sheet 1.2" च्या पुढे स्पेस राहिली की वेगळा आयटम होतो.

जुना_इम्प्लिमेंटर
बरोबर, फक्त सप्लायरच्या मेलमधून किंवा वेबवरून चिकटवलेल्या नावात वेगळ्या जातीची स्पेस असते, ती नुसत्या ट्रिमने जात नाही. हे वापरा:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))
=COUNTIF(B:B,B2)
```

पहिलं बी कॉलममध्ये, दुसरं सी मध्ये. सी मध्ये एकापेक्षा जास्त दिसलं की डुप्लिकेट. पण "एमएस शीट 1.2" आणि "सीआर शीट 18 गेज" हे एकच आहे का, ते फॉर्म्युला सांगणार नाही, स्टोअरच्या मुलालाच रॅकवर जाऊन बघावं लागेल.

भोसरीचा_पीपीसी
आज मालकांसोबत बसलो. तारखा घेऊन बसल्यावर कळलं की घोळ आहे. गणपती 14 सप्टेंबरला, विसर्जन 25 ला, आणि स्टोअरची निम्मी पोरं कोकणातली, ती दहा-बारा दिवस नसणार. अकाउंट्सवाले म्हणतात 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी, त्याच्या आसपास आम्हाला हलवू नका. म्हणजे सप्टेंबर गेलाच. ऑगस्टमध्ये ट्रेनिंग उरकून टाकू का सगळं?

जुना_इम्प्लिमेंटर
ऑगस्टमध्ये शिकवलेलं ऑक्टोबरपर्यंत टिकत नाही, मध्ये हात लागला नाही तर पुसलं जातं. ऑगस्टमध्ये रंग, आयटमची सफाई आणि ती एका गाडीची सगळ्यांची दीड तासाची फेरी एवढंच. पहिली सत्रं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मुलं गावी जायच्या आधी. दुसरी 26 ते 30 मध्ये. अकाउंट्सला 21 नंतर बोलवा.

आणि तुमचं नशीब बघा, 1 ऑक्टोबर गुरुवार आहे. भोसरीत तुमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच ना? आणि 2 ला गांधी जयंती. म्हणजे 30 च्या संध्याकाळी एन्ट्री बंद, दोन दिवस प्रेस बंद, निवांत स्टॉक मोजा, शुक्रवारी रात्री ओपनिंग चढवा, शनिवार 3 तारखेला सुरू. मोजणीला आलेल्यांना ओव्हरटाइम किंवा बदली सुट्टी द्यावी लागेल, ते मालकांकडून आधी कबूल करून घ्या.

प्लेटिंगवाल्याकडे पडलेला माल विसरू नका. तो तुमच्या रॅकवर नाही पण तुमचाच आहे. एप्रिल ते सप्टेंबरचा आयटीसी-04 तुम्हाला 25 ऑक्टोबरपर्यंत भरायचा असेल तर चलननिहाय यादी लागणारच आहे, तीच 30 तारखेला प्लेटिंगवाल्याकडून सही करून आणा आणि त्याच्या नावाच्या गोडाऊनमध्ये ओपनिंग म्हणून टाका.

भोसरीचा_पीपीसी
गुरुवारचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मालक खूश होतील, प्रॉडक्शन न बुडता होतंय म्हटल्यावर. शिकले की नाही ते कसं ओळखायचं? व्हेंडर म्हणतो फीडबॅक फॉर्म भरून घेऊ.

जुना_इम्प्लिमेंटर
फीडबॅक फॉर्मवर सगळे "उत्तम" लिहितात, चहा-समोसा दिलेला असतो. दुसऱ्या सत्रात दहा खरी जुनी चलनं हातात द्या आणि बाजूला उभे राहा. दहातली तीन मुद्दाम वाकडी असू द्या: एकात माल कमी आलेला, एक चलन आधीच चढवलेलं, एकाचा पीओच नाही. सरळ सात कोणीही करतो. वाकड्या तिनांत तो काय करतो ते बघायचं. पीओ नसलेल्यावर तो थांबून परचेसला फोन करतो का, की रिसीट तशीच पीओशिवाय चढवतो? ज्याला जमलं त्याला खऱ्या साइटचा पासवर्ड. ज्याला नाही त्याला जमलेल्याच्या शेजारी बसवा, परत वर्गात नको.

प्रॅक्टिस साइटबद्दल दोन सूचना. तिच्यावर वरती लाल पट्टी किंवा वेगळा लोगो असू द्या, नाहीतर 3 तारखेला कोणीतरी दिवसभर खरा माल तिथेच चढवत बसेल. आणि खऱ्या साइटची कॉपी करून ती बनवली असेल तर मेल अकाउंट आणि ई-वे बिलाची लॉगिन आधी काढा, सरावाचा पीओ खऱ्या सप्लायरला मेलने गेलेला मी पाहिलाय.

सांगलीची_लेक
एक राहिलं. भिंतीवर लावायला एकच पान करा, मराठीत, पण बटणांची नावं स्क्रीनवर आहेत तशीच इंग्रजीत ठेवा. आम्हाला व्हेंडरने मोठ्ठी पीडीएफ दिली होती, ती कोणी उघडली नाही. माझ्या मैत्रिणीने हाताने लिहिलेला कागद अजून आमच्या काउंटरवर चिकटवलेला आहे, चहाचे डाग पडलेत पण तोच वाचतात सगळे.

नाशिक_क्यूए
आणि ते दोन सुपरवायझर, ज्यांना कॉम्प्युटर येत नाही? त्यांच्याबद्दल कोणीच बोललं नाही.

जुना_इम्प्लिमेंटर
ते मोबाइल वापरतात ना, मग मोबाइलवरच द्या, ब्राउझरमध्ये चालतं. त्यांना एकच फॉर्म दाखवा, बाकी मेनू रोलमधून लपवा. ऑर्डर निवडा, किती झाले ते टाका, किती रिजेक्ट ते टाका, बस. तेवढं व्हॉट्सॲप वापरणाऱ्याला येतं.

एक्सेलप्रेमी
आणि नेटवर्क? प्रेस शॉपमध्ये पत्र्याच्या शेडखाली एक दांडी येते.

भोसरीचा_पीपीसी
हा मुद्दा खरा आहे, आमच्या बी शेडमध्ये रेंजच नाही. वायफायचा ॲक्सेस पॉइंट टाकायला आयटीवाल्याला सांगितलंय, तो म्हणाला क्रेनच्या वर बसवावा लागेल, मेंटेनन्सची परवानगी हवी. आणि रात्रपाळीचं अजून ठरलेलं नाही. रात्री स्टोअर बंद असतं, सुपरवायझर चावी घेऊन शीट काढतो आणि सकाळी चिठ्ठी ठेवतो. सकाळी स्टोअरवाल्याने एन्ट्री मारली तर रात्रभर स्टॉक चुकीचा, आणि सुपरवायझरला इश्यूची परवानगी दिली तर स्टोअर इन्चार्ज म्हणतो मग स्टॉकची जबाबदारी माझी नाही. यावर कोणी काय केलंय?

सांगलीची_लेक
आमच्याकडे संध्याकाळी सहालाच रात्रीला लागणारा माल प्रेसजवळच्या जाळीच्या खोलीत ट्रान्सफर करून ठेवतात. ती खोली सिस्टिममध्ये वेगळं गोडाऊन आहे, सुपरवायझरच्या नावावर. उरलेला सकाळी मोजून परत घेतात.

भोसरीचा_पीपीसी
जाळीची खोली आहे आमच्याकडे, सध्या तिथे जुनी डाय पडलीयेत. टूलरूमवाल्यांशी बोलून बघतो.

करिअर_कट्टा
अच्छा म्हणजे एसएपी नाही, ईआरपीनेक्स्ट. ते घरी लॅपटॉपवर टाकून शिकता येतं का?

जुना_इम्प्लिमेंटर
येतं, ओपन सोर्स आहे, मुंबईतच बनलेलं. टाका आणि एखाद्या किराणा दुकानाचा स्टॉक त्यात चालवून बघा, किलो आणि नग तिथेही आहेत.